सीडीचे आकडे पाठ होत नाहीत?

“मॅडम, मी पुण्यात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. सीडी मार्कर्सची यादी रात्री पाठ करते आणि सकाळी सीडी१४, सीडी१९ची अदलाबदल झालेली असते. मला पुढे फ्लो सायटोमेट्रीत काम करायचं आहे. हे लक्षात कसं ठेवू?” – एक विद्यार्थिनी, कोथरूड

यादी बाजूला ठेव. सीडी मार्कर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे ओळखीचे रेणू, आणि सीडीपुढचा आकडा केसपेपरच्या नंबरासारखा असतो. कोण आधी आलं ते कळतं, दुखणं कळत नाही. १९८२ साली पॅरिसच्या कार्यशाळेत निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या अँटिबॉडी एकत्र तपासल्या गेल्या आणि एकाच रेणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडींच्या गटाला एकेक आकडा देण्याची पद्धत तिथून सुरू झाली. तेव्हा आकडा सोड, रेणू काय काम करतो ते बघ.

सीडी३ टी पेशीच्या रिसेप्टरला जोडलेलं असतं आणि त्याचा संदेश पेशीत पोचवतं, म्हणून ते टी पेशीची भरवशाची खूण. सीडी१९ हेच काम बी पेशीच्या रिसेप्टरसाठी सोपं करतं. सीडी१४ जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस ओळखायला मदत करतं. जिवाणू गिळायचं काम मोनोसाइटचं, म्हणून ते ठळकपणे मोनोसाइटवर दिसतं. सीडी४ आणि सीडी८साठी मात्र आठाची युक्ती खुशाल वापर: सीडी४ एमएचसी दोनला धरतं, सीडी८ एमएचसी एकला, आणि दोन्ही गुणाकार आठच येतात.

आता गोम ऐक. सीडी४ फक्त हेल्पर टी पेशीवरच असतं असं मुलं धरून चालतात. समज, रक्ताच्या नमुन्यात तू फक्त सीडी४ला चिकटणारी, चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी लावलीस. सायटोमीटरच्या डॉट प्लॉटवर, म्हणजे एकेक पेशी ठिपक्याने दाखवणाऱ्या आलेखावर, ठळक सीडी४चा एक ढग दिसेल, आणि त्याच्या व निगेटिव्ह पेशींच्या मधोमध फिकट सीडी४चा दुसरा. दोन्हींवर मिळून गेट, म्हणजे मोजायच्या पेशींभोवतीचं कुंपण, टाकलंस की हेल्पर पेशींचा आकडा फुगला. त्या फिकट ढगाला सीडी३ लावून बघ, काही चमकणार नाही. सीडी१४ लाव, लख्ख चमकेल. साइड स्कॅटर, म्हणजे पेशीने बाजूला विखुरलेला प्रकाशही लिम्फोसाइटपेक्षा जास्त असेल. म्हणजे ते मोनोसाइट.

म्हणून प्रश्नांचा क्रमच पाठ कर. सीडी४५ आहे का? असेल तर पांढरी पेशी. मग सीडी३ आहे का? असेल तर सीडी४ की सीडी८ ते विचार. सीडी३ नसेल तर सीडी१९ बघ, तेही नसेल तर सीडी५६, ती नॅचरल किलर म्हणजे एनके पेशीची खूण. सीडी५६ काही टी पेशींवरही सापडतं, त्यामुळे सीडी३ नाही याची खात्री केल्याशिवाय कुणाला एनके म्हणू नकोस.

मुलाखतीला जाशील तेव्हा कागदावर हाच क्रम काढून दाखवता यायला हवा. शंभर मार्कर घडाघडा म्हणून दाखवण्याला मी तरी फार किंमत देणार नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात सायटोमीटर आहेत. प्रोजेक्टसाठी गाइड शोधताना तिथं ईमेल कर, आणि ‘इम्युनॉलॉजीची आवड आहे’ असं मोघम लिहिण्याऐवजी सीडी३ निगेटिव्ह, सीडी४ फिकट असलेल्या ढगाचं तू काय करशील ते दोन ओळींत लिही.