लाइन बंद झाली आणि नोकरी गेली, हे समरीत कसं लिहावं?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत ११ वर्षं क्वालिटीत होतो. मार्चमध्ये ले-ऑफ झाला. रेझ्युमेच्या वरच्या समरीत हे लिहू की नको? आणि लिहिलं तर रडगाणं वाटू नये असं कसं लिहू?

उत्तर:

लिहा, पण एकच वाक्य, आणि ते पहिलंही नको, शेवटचंही नको.

२०१९ मध्ये गाड्यांचा धंदा बसला होता, तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून मीही असाच बाहेर पडलो. आता मिरजेत एका मशीन शॉपमध्ये भरतीचं काम बघतो, म्हणजे तुमच्यासारख्यांचे रेझ्युमे माझ्याच टेबलावर येतात. तेव्हा मी माझ्या समरीत लिहिलं होतं, ‘९ वर्षे निष्ठेने सेवा करूनही व्यवस्थापनाच्या निर्णयामुळे अचानक नोकरी गमवावी लागली.’ मला ते अगदी सभ्य वाटलं होतं. कुणाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही. आज असं वाक्य समोर आलं की ‘करूनही’मधला तो ‘ही’ आधी डोळ्यात खुपतो. सगळी तक्रार त्या एका अक्षरात बसलेली असते. ‘अचानक’, ‘दुर्दैवाने’, ‘गमवावी लागली’ ही त्याचीच भावंडं. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस अजून जुन्या गेटवरच उभा आहे.

रेझ्युमे इंग्रजीत द्यायचा असला तरी हे वाक्य आधी मराठीत बसवा. आपल्याकडे एक सोय आहे. भांडं ‘फोडलं’ म्हटलं की लगेच विचारतात, कुणी? ‘फुटलं’ म्हटलं की विचारत नाहीत. तसंच ‘कंपनीने लाइन बंद केली आणि मला काढलं’ यात एक काढणारा आणि एक काढलेला समोरासमोर उभे राहतात. ‘लाइन बंद झाली, त्यात माझं पद संपलं’ यात घटना तेवढी उरते. खोटं काहीच नाही, लपवलेलंही काही नाही. इंग्रजी करताना मात्र ‘कंपनीने’ हा कर्ता पुन्हा आत घुसू देऊ नका.

आता पूर्ण समरी कशी दिसेल ते बघा. माहिती आणि आकडे मी नमुन्यादाखल घातलेत, तुमचे खरे घाला:

‘मशीन शॉपमधल्या क्वालिटीचा ११ वर्षांचा अनुभव. कास्टिंगच्या इनवर्ड तपासणीपासून ग्राहकाच्या ऑडिटपर्यंतचं काम केलं. शेवटची ३ वर्षं सीएमएम आणि ८ तपासनीस माझ्याकडे होते. एका ग्राहकासाठी चालणारी लाइन मार्चमध्ये बंद झाली, त्यात क्वालिटीची ६ पदं संपली, त्यांत माझंही होतं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्री किंवा मशीन शॉपमध्ये क्वालिटीची जबाबदारी हवी आहे. लगेच रुजू होऊ शकतो.’

चौथं वाक्य काय काय करतं बघा. महिना आहे, म्हणजे रेझ्युमेतली खाली दिसणारी रिकामी जागा कळली. ‘लाइन’ आहे, म्हणजे कारण कामाचं होतं, माणसाचं नव्हतं. ‘६ पदं’ आहे, म्हणजे तुम्हाला एकट्याला निवडून काढलेलं नाही. हा आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, पण खरा असेल तरच घाला. एकट्याचंच पद गेलं असेल तर आकडा गाळा, वाक्य तरीही उभं राहतं. ग्राहकाचं नाव घालू नका. ते जुन्या कंपनीचं गुपित असतं, आणि जो त्यांचं फोडतो तो उद्या आमचंही फोडेल, असं मनात येतंच.

आणि शेवटी ‘लगेच रुजू’ का? कारण नोकरीत असलेला उमेदवार महिना, दोन महिने, कधी तीन महिने नोटीस पिरियड सांगतो. तुमच्याकडे तो नाही. ज्या गोष्टीमुळे तुम्हाला संकोच वाटतो, तिचाच हा एक फायदा आहे. शेवटी तेच लक्षात राहू दे.

‘ले-ऑफ’ या शब्दाबद्दल थोडं. आयटीवाले तो नोकरी कायमची गेली या अर्थाने वापरतात, आणि आता आपणही. पण नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे माल, वीज किंवा यंत्र नाही म्हणून तात्पुरतं काम देता न येणं, असाच अर्थ होता. कामगाराचं नाव मस्टरवर राहतं. कायमचं कमी करणं म्हणजे रिट्रेंचमेंट. फाउंड्रीत केस पांढरे झालेला एखादा पर्सोनेल मॅनेजर ‘ले-ऑफ’ वाचून विचारील, ‘म्हणजे अजून तिकडच्या मस्टरवर आहात का? बोलावलं तर परत जाल?’ म्हणून दोन्ही शब्द टाळून ‘पद संपलं’ लिहावं, असं माझं मत.

आता खरी गफलत होते ती कागदावर. रिलीव्हिंग लेटर काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी लाइन बंद होते, पण माणसाकडून राजीनामा लिहून घेतात आणि पत्रात ‘राजीनामा स्वीकारला’ असं येतं. तुम्ही समरीत ‘कमी केलं’ लिहिलं आणि आमच्या माणसाने तिकडे फोन केला, तर उत्तर येतं ‘त्यांनी स्वतः सोडली.’ मग खरं बोलूनही तुम्हीच खोटे पडता. तुमच्या पत्रात राजीनामा असेल तर वाक्य असं करा: ‘लाइन मार्चमध्ये बंद झाली आणि त्यानंतर मी कंपनीतून बाहेर पडलो.’ हे दोन्ही कागदांशी जुळतं.

तारीखही जुळवा. ईपीएफओच्या साइटवर तुमच्या सर्व्हिस हिस्टरीत सोडल्याची तारीख दिसते. शेवटचा कामाचा दिवस आणि नोटीस पे धरून दाखवलेली तारीख यात महिन्याचा फरक पडू शकतो. रेझ्युमेत तिथला महिना धरा. काही जण अजून नोकरीत असल्यासारखं ‘आजपर्यंत’ ठेवून देतात. पडताळणीत ते पहिल्या झटक्यात सापडतं, आणि मग ले-ऑफपेक्षा तेच महागात पडतं.

लिंक्डइनवरही हीच समरी चालेल. फक्त नावाखालच्या ओळीत नोकरी गेल्याचं लिहू नका, तिथे काम लिहा. नवीन ठिकाणी रुजू झालात की हे वाक्य दोन्हीकडून काढून टाका. मी माझं काढायला विसरलो होतो, आणि नव्या साहेबांनी वर्षभराने ते वाचून ‘अजून शोधताय का?’ म्हणून विचारलं.

मुलाखतीत ‘तुम्हालाच का?’ असं विचारलंच, तर तेच वाक्य तोंडी सांगा आणि थांबा. पुढे बोलायचा मोह होतो, मलाही झाला होता. पहिल्या मुलाखतीत मी मॅनेजरच्या मेहुण्यापर्यंत पोचलो होतो. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

फुल अँड फायनल किंवा ग्रॅच्युइटी अडकली असेल तर ते भांडण जरूर करा, ११ वर्षांचे पैसे आहेत. त्याची जागा सांगलीचं सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय, समरी नव्हे.