फुल्या, गोळे आणि सत्तर हजारांची भिंत

प्रश्न: क्रिप्टोसाठी पॉइंट अँड फिगर चार्ट खरंच कामाचा आहे का? कँडलच्या चार्टवर दर तासाला नवा सपोर्ट आणि नवा रेझिस्टन्स दिसतो. नक्की कुठला खरा धरायचा आणि तो मोजायचा कसा?

उत्तर:

कामाचा आहे, पण एका ठरावीक कामासाठी. सपोर्ट म्हणजे भाव जिथे पडायचा थांबतो ती पातळी, आणि रेझिस्टन्स म्हणजे जिथे चढायचा थांबतो ती. भाव एखाद्या पातळीवरून खरोखर किती वेळा मागे फिरला, हे मोजायला याच्याइतकं स्वच्छ साधन मला सापडलेलं नाही. पुढे भाव कुठे जाईल हे मात्र त्याला नीट सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणावरून दाखवते.

मी पुण्यात कोथरूडला राहते आणि हा चार्ट हाताने काढते. अप्पा बळवंत चौकातून गणिताची चौकटींची वही आणली, तेवढ्यावर भागतं. बिटकॉइनचा बाजार कधीच बंद होत नाही, त्यामुळे 'दिवसाचा बंद भाव' म्हणजे काय हे आपणच ठरवावं लागतं. बहुतेक एक्सचेंजवर दिवसाची कँडल जागतिक वेळेनुसार मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. टेकडीवर फिरायला निघण्याआधी मी तो एकच आकडा बघते. वहीत काही लिहायचं असेल तर लिहिते, नसेल तर वही मिटते. बऱ्याच दिवशी काहीच लिहावं लागत नाही, आणि तुम्ही म्हणताय तो गोंधळ नेमका तिथेच गळून पडतो.

नियम थोडे आहेत. उभ्या अक्षावर भावाचे समान टप्पे असतात, त्यांना बॉक्स म्हणतात. आडव्या अक्षावर वेळ नसतेच. भाव चढताना एक बॉक्स पूर्ण भरला की एक फुली, उतरताना एक बॉक्स पूर्ण भरला की एक गोळा. एका स्तंभात फक्त फुल्या किंवा फक्त गोळे. भाव उलटा फिरला तरी लगेच नवा स्तंभ सुरू करायचा नाही. शेवटच्या खुणेपासून पूर्ण तीन बॉक्स उलटा गेला तरच शेजारी नवा स्तंभ, आणि तो एक बॉक्स सोडून सुरू होतो. याला तीन बॉक्सचं रिव्हर्सल म्हणतात. अर्धवट भरलेला बॉक्स धरायचा नाही, यात सूट नाही. भाव दोन बॉक्सच्या मध्ये असेल तर फुलीसाठी खालचा आकडा धरायचा आणि गोळ्यासाठी वरचा.

आता उदाहरण. २०२४ च्या मार्च ते जूनमधलं बिटकॉइन घ्या. बॉक्स २,००० डॉलरचा, रिव्हर्सल तीन बॉक्सचं म्हणजे ६,००० डॉलर, आणि फक्त दिवसाचा बंद भाव.

१३ मार्चला भाव ७३,००० च्या थोडा वर बंद झाला, म्हणजे फुली ७२,००० वर. ७४,००० भरलेला नाही, म्हणून तिथे काही नाही. १९ मार्चला बंद ६२,००० च्या जरा खाली आला. ६६,००० च्या खाली आल्यावर तीन बॉक्स पूर्ण होतातच, म्हणून नवा स्तंभ आणि गोळे ७०,००० पासून ६२,००० पर्यंत. दुसऱ्याच दिवशी भाव उसळून ६८,००० च्या अगदी जवळ बंद झाला. कँडलच्या चार्टवर ती लांब हिरवी कँडल बघून कुणीही खरेदीला धावलं असतं. वहीत मात्र शांतता, कारण उलटण्यासाठी पूर्ण ६८,००० हवे होते. ते २५ मार्चला मिळाले आणि महिनाअखेर फुल्या ७०,००० पर्यंत गेल्या. मग एप्रिलची घसरण, १ मेला ५८,००० च्या थोडं वर बंद, गोळे ६०,००० पर्यंत. आणि २० मेला पुन्हा ७१,००० च्या वर.

वहीत हे असं दिसतं:

```
74000
72000  X
70000  X O X   X
68000  X O X O X
66000  X O X O X
64000  X O X O X
62000  X O   O X
60000  X     O
```

जवळजवळ तीन महिन्यांच्या कँडल पाच स्तंभांत मावल्या. डावीकडची फुल्यांची रांग याच्याही खालून येते, ती इथे तोडली आहे.

तुमचा मोजण्याचा प्रश्न इथेच सुटतो. कँडलचा चार्ट डोळ्यांनी बघितला तर भाव ७१,००० च्या वर पाच वेळा जाऊन परतलेला दिसतो: १३ मार्च, ३१ मार्च, ८ एप्रिल, २० मे आणि ५ जून. कुणी म्हणेल रेझिस्टन्सला पाच धडका बसल्या. पण वहीत शिखरं तीनच आहेत, एक ७२,००० वर आणि दोन ७०,००० वर. बाकीच्या दोन कुठे गेल्या? ३१ मार्चनंतर भाव साडेपासष्ट हजारांच्या आसपास आला, पण उलटण्यासाठी ६४,००० हवे होते. म्हणजे ८ एप्रिलची धडक वेगळी नव्हती, आधीचीच धडक चालू होती. मे-अखेर भाव साडेसदुसष्ट हजारांपर्यंत आला, त्यामुळे ५ जूनचंही तेच. मला या चार्टचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. विक्रेत्यांनी भाव खरोखर मागे ढकलला ती वेळ तो मोजतो. भाव नुसता त्या पातळीपाशी रेंगाळला, ती मोजत नाही.

सपोर्टही असाच मोजायचा. गोळ्यांचे स्तंभ कुठल्या ओळीत थांबले ते बघायचं. वरच्या चित्रात तळ ६२,००० आणि ६०,००० वर आहेत, एका ओळीत नाहीत. म्हणजे वर एक भिंत उभी होती, पण खाली पक्की जमीन नव्हती. प्रत्येक वेळी खरेदीदार जरा खालच्या भावाला जागे होत होते. मला जूनमध्ये काळजी वाटायला हवी होती ती यामुळे, आणि मी तेव्हा वही सोडून मोबाइलवर पंधरा मिनिटांचा चार्ट बघत बसले होते. जुलैच्या सुरुवातीला ५८,००० वर गोळा पडला, म्हणजे आधीचा तळ तुटला. या पद्धतीत तो विक्रीचा साधा संकेत आहे.

आता या पद्धतीचं जे अंग मला कच्चं वाटतं, ते. 'काउंट' नावाचा एक हिशोब असतो. आडव्या काउंटमध्ये स्तंभांची संख्या गुणिले बॉक्स गुणिले रिव्हर्सल करायचं, आणि येणारा आकडा घसरणीसाठी माथ्यातून वजा करायचा. आपल्याकडे पाच स्तंभ आहेत. ५ × २,००० × ३ म्हणजे ३०,०००. ७२,००० मधून वजा केले की ४२,०००. हा झाला 'टार्गेट'. प्रत्यक्षात काय झालं? जुलैअखेर भाव परत ६८,००० च्या आसपास गेला. ५ ऑगस्टला तो दिवसात ५०,००० च्याही खाली उतरला, पण बंद ५४,००० च्या आसपास झाला. ४२,००० त्या वर्षी पुन्हा आलेच नाहीत. ५८,००० ला विकून ४२,००० ची वाट बघणाऱ्याला मध्येच दहा हजार डॉलरची चढण सोसावी लागली. शिवाय स्तंभ कुठून मोजायला सुरुवात करायची यावर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नाही, आणि एक स्तंभ इकडे-तिकडे झाला की टार्गेट ६,००० डॉलरने हलतं. म्हणून ओळींतली शिखरं आणि तळ मोजा, काउंटच्या टार्गेटवर पैसे लावू नका.

भिंतीचं पुढे काय झालं तेही सांगते. २९ ऑक्टोबरला भाव ७२,७०० च्या आसपास बंद झाला, फुली ७२,००० वर. म्हणजे मार्चच्या शिखराशी बरोबरी, पण पार नाही. पुढच्या आठवड्यात भाव ६८,००० च्या खाली आला, तरी ६६,००० न गाठल्यामुळे स्तंभ उलटला नाही. ६ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या निकालानंतर, बंद ७५,००० च्या वर गेला आणि ७४,००० ची फुली पडली. आठ महिन्यांची ओळ त्या एका खुणेने ओलांडली.

तुम्ही सुरुवात कराल तेव्हा बॉक्सच्या आकारावर अडाल, कारण सगळा निकाल त्यावरच अवलंबून आहे. ७०,००० वर २,००० चा बॉक्स म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा कमी. हाच बॉक्स २०,००० च्या भावाला लावला तर दहा टक्के होतो आणि चार्ट महिनोन् महिने हलत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांचा चार्ट काढायचा असेल तर टक्क्यांचा बॉक्स घ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा तीन टक्के वर. लहान कॉइन जास्त उसळतात, तिथे पाच टक्केही कमी पडतात. बॉक्स बरोबर आहे का हे ओळखायची माझी खूण अशी: महिन्याला एक-दोन स्तंभ पडत असतील तर ठीक. दर दोन दिवसांनी नवा स्तंभ पडत असेल, तर गोंधळ पुन्हा आत आला आहे. सॉफ्टवेअरमध्ये ATR वर, म्हणजे भावाच्या सरासरी चढउतारावर, आधारलेला बॉक्स निवडला तर तो बाजाराबरोबर बदलतो आणि मागचा सगळा चार्ट नव्याने आखला जातो. काल मोजलेली तीन शिखरं आज दोन झालेली दिसतील. मोजणीसाठी बॉक्स कायम ठेवा.

एकाच एक्सचेंजचा भाव धरा. वर सांगितलेल्या २० मार्चसारख्या दिवशी दुसरीकडे थोडा जास्त भाव असता तर स्तंभ पाच दिवस आधी उलटला असता. त्या वेळी पुढच्या चित्रात फरक पडला नसता, पण दर वेळी असं होईलच असं नाही.

आणि बंद भावाचा चार्ट दिवसातली पडझड दाखवत नाही. ५ ऑगस्टला वहीत ५४,००० च्या आसपासची नोंद झाली, पण उधारीवर, म्हणजे लिव्हरेजवर घेतलेले सौदे ५०,००० च्या खालीच बंद पडले असणार. लिव्हरेज घेत असाल तर हा चार्ट तुम्हाला वाचवणार नाही.

आपल्याकडच्या करामुळे मला या संथपणाचा फायदा झाला. जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि नफ्यावरच्या तीस टक्के करातून तोट्याची वजावट मिळत नाही. लाखभर रुपये महिन्यात वीस वेळा फिरवले की वीसेक हजार रुपये टीडीएसमध्ये अडकतात, विवरणपत्र भरून परत मिळेपर्यंत. पंधरा मिनिटांच्या चार्टवर मी हेच करत होते. वहीवर आल्यापासून वर्षाला सात-आठच व्यवहार होतात.

सुरुवातीला २०२४ चे रोजचे बंद भाव उतरवून घ्या आणि जुलै ते नोव्हेंबरचे स्तंभ स्वतः काढा. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे तळ ५४,००० च्या ओळीच्या अगदी काठावर येतात. तुमच्या एक्सचेंजच्या आकड्यांनी तिथे गोळा पडतो की नाही ते बघा.