फ्रेंडशिप बँडवरची चारोळी, आणि धुऊन गेलेली चौथी ओळ

प्रश्न: हाताने विणलेल्या फ्रेंडशिप बँडला जोडायला एखादी गमतीदार चारोळी सुचवाल का? मैत्रीण कायम उशिरा येते, त्यावरून चिडवायचं आहे. बँड तयार आहे.

बँड तयार आहे म्हणताय, म्हणजे कागद अजून कापलेला नाही. बरं झालं. शब्द सुचायच्या आधी कागद कापा, कारण माझं सगळं तिथेच फिसकटलं होतं.

२००८ साल, कोल्हापूर, अकरावी. आईच्या भरतकामाच्या डब्यातल्या उरलेल्या लडींतून मी बाकावरच्या मैत्रिणीसाठी बँड विणला. सहा धागे, प्रत्येक साधारण ९० सेंटीमीटर, तिरक्या पट्ट्यांची वीण, प्रत्येक गाठ दोनदा. दोन संध्याकाळी गेल्या. विणकामात मी वाकबगार होते आणि तेव्हा मला कवयित्रीही व्हायचं होतं, म्हणून बँडला चिठ्ठी जोडायचं डोक्यात आलं. ओळी अशा होत्या:

रोज माझा डबा खातेस, वर मीठ कमी म्हणतेस,
उधार नेलेलं पेन आठवड्याने आणून देतेस,
तुझ्यासारखी कंजूस मैत्रीण शोधून सापडायची नाही,
आणि सापडली तरी ती नको, मला तूच हवीस गं बाई!

फ्रेंडशिप डे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. रविवारी कॉलेज बंद, म्हणून सगळ्यांचं बांधाबांधीचं काम शनिवारी. ऑगस्टमधला कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते तिथल्यांना सांगायला नको. चिठ्ठी जेल पेनने लिहिलेली, निळ्या चमकीच्या. ओळी लांबलचक, त्यामुळे तीन कशाबशा मावल्या आणि चौथी अगदी कडेला, बारीक अक्षरात दाबून बसवलेली. मी बँड दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. कप्पा भिजला, कडेकडून पाणी आत शिरलं आणि बरोबर चौथी ओळ निळा डाग होऊन गेली.

तिने बँड हातात घेतला, चिठ्ठी वाचली आणि वर पाहिलं. तिच्या हातात उरलं होतं "तुझ्यासारखी कंजूस मैत्रीण शोधून सापडायची नाही." पुढे डाग. मी म्हटलं, अगं पुढे आहे ना ओळ. ती म्हणाली, कुठे आहे? पंधरा दिवस ती पुढच्या बाकावर बसली.

आज आम्ही दोघी चाळिशीकडे निघालो आहोत, तरी हा वाद मिटलेला नाही. तिचं म्हणणं, माणसाने आधी गोड लिहावं, मग चिडवावं, म्हणजे अर्धंच वाचलं गेलं तरी नातं राहतं. माझं म्हणणं, आधी गोड लिहिलं की चारोळी संपलीच. चारोळीत वळण शेवटी लागतं. तीन ओळी ओरबाडायच्या आणि चौथीत हात धरायचा, तरच समोरचा हसतो. "तू माझी जिवाभावाची" अशी सुरुवात केली की पुढचं कुणी वाचत नाही, ते दुकानातल्या तयार कार्डावरही असतं. चूक माझ्या ओळींची नव्हती, पेनाची होती.

बरं, पेनाइतकीच लांबीचीही होती, हे मी तिला सोडून सगळ्यांना कबूल करते.

बँडला शोभेल असा कागद पाच सेंटीमीटर लांब आणि अडीच रुंद, त्याहून मोठा नको. मोठा झाला की मनगटावर फडफडतो आणि ती तो पहिल्याच तासाला तोडून टाकते. एवढ्या जागेत एकोणीस-एकवीस अक्षरांची ओळ बसत नाही. आठ अक्षरांची बसते. म्हणून अष्टाक्षरी घ्या: ओळीत आठ अक्षरं, चार ओळी, एकूण बत्तीस. अक्षरं लिहिल्याप्रमाणे मोजायची, बोलण्याप्रमाणे नाही. "मीठ" आपण एका झटक्यात म्हणतो, पण मोजताना दोन. जोडाक्षर एकच, म्हणजे "म्ह" एक. यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पुरे. चारही ओळींना जुळवायला गेलात तर ते बालगीत होतं.

माझीच जुनी चारोळी या मापात कापली तर बघा:

डबा माझा खातेस तू
वर म्हणे मीठ कमी
तरी उद्या डब्यामध्ये
तुझी पोळी, माझी हमी

पेन गेलं, कंजूसपणा गेला, एकच डबा राहिला. एका चारोळीत एकच खोडी मावते. शिवाय ओळ मोठ्याने म्हणून पाहा: "डबा माझा" इथे चार अक्षरांवर श्वास पडतो, मग उरलेली चार. चारही ओळींत तसा पडला की कान खूश होतो.

आता तुमची. उशिरा येण्याची थट्टा बँडवर चांगली बसते, कारण बँड मनगटावर नेमका घड्याळाच्या जागी येतो:

पाचला ये म्हटलं की
स्वारी सातला उगवे
म्हणून हा धागा बांध
घड्याळ तुला का हवे?

खोटं बोलत नाही, यात दोन ठिकाणी ती लंगडते. "सातला" आणि "तुला" हे शब्द नेमके चौथ्या अक्षरावर तुटतात. मला यापेक्षा बरं जमलं नाही, तुम्हाला जमलं तर बदला, पण पाच आणि सात हे आकडे तुमच्या मैत्रिणीचे खरे घाला. तीनला बोलावलं आणि साडेचारला आली असेल तर तेच लिहा. खऱ्या आकड्यावर ती पोट धरून हसेल. आणि इथे चौथी ओळ धुऊन गेली तरी भांडण होणार नाही, हे माझ्या मैत्रिणीच्या मताकडे थोडं झुकल्यासारखं दिसतं, पण योगायोग आहे.

लिहा बॉलपेननेच. त्याची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. जेल पेनची पाण्यातली, ती पसरणारच. कागद जुन्या लग्नपत्रिकेचा घ्या, जाडही असतो आणि घरात ढीग असतो. गुळगुळीत बाजू टाळा, तिथे बॉलपेन घसरतं. लिहून झाल्यावर दोन्ही बाजूंना पारदर्शक चिकटपट्टी लावा, कडेला दोन-तीन मिलिमीटर पट्टीवर पट्टी चिकटू द्या, म्हणजे कडेने पाणी शिरत नाही. भोक मात्र कागदाला आधीच पाडून ठेवा, जरा मोठं, आणि पट्टी लावल्यावर त्याच्या मधोमध पट्टीला लहान भोक टोचा. आधी पट्टी लावली आणि मग कागदासकट भोक पाडलं, तर भोकाच्या कडेचा कागद उघडा राहतो, भिजतो आणि झटका बसला की फाटतो. हेही मी करून पाहिलं आहे, पुढच्या वर्षी.

चिठ्ठी विणीत ओवू नका. बँडच्या टोकाला जी वेणी सुटते तिच्यात वेगळ्या धाग्याने बांधा, म्हणजे चिठ्ठी काढून ठेवता येते आणि बँड हातात राहतो.

एक राहिलं. मैत्रीण उशिरा येण्यामागे घरचं काही कारण असेल, धाकट्या भावंडाला सोडून यायचं वगैरे, तर ही थट्टा करू नका, दुसरी खोडी शोधा. मला हे तेव्हा कळत नव्हतं. पेन आठवड्याने का परत यायचं ते मी कधी विचारलं नव्हतं, तिच्याकडे एकच पेन होतं आणि त्याची रिफिल संपलेली होती.

आणि ती हे वाचणार आहे म्हणून इथेच लिहून ठेवते: मीठ खरंच कमी असायचं. आईसमोर मात्र मी हे म्हटलेलं नाही.