मालिकेच्या एकसारख्या थंबनेलमुळे क्लिक रेट घसरतोय का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: मुंबईतल्या जुन्या बाजारांवर मराठीत यूट्यूब मालिका करतो. पहिल्यापासून सगळी थंबनेल एकाच साच्यातली: डावीकडे पिवळी पट्टी, उजवीकडे माझा चेहरा, खाली भाग क्रमांक. सुरुवातीला क्लिक रेट ७ टक्के होता, दहाव्या भागाला ५ वर आलाय. साचा मोडू का?

उत्तर: अजून मोडू नका. हे दोन्ही एकूण आकडे आहेत. थंबनेल लोकांना पूर्वीइतकंच आवडत असलं तरी एकूण आकडा एवढा खाली येऊ शकतो.

थंबनेल किमान निम्मं, एका सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर दिसलं की यूट्यूब एक इम्प्रेशन धरतं. ते कोणाला दिसलं, हे एकूण क्लिक रेटमध्ये कळत नाही. मालिका नवी असताना ती मुख्यतः तुम्हाला ओळखणाऱ्यांपुढे जाते. चालायला लागली की यूट्यूब ती अनोळखी लोकांपुढे ठेवतं, आणि अनोळखी माणूस कमी क्लिक करतो.

हिशोब करून बघा. समजा दुसऱ्या भागाला १०,००० इम्प्रेशन मिळाली. त्यातली ६,००० ब्राउझ फीचर्समधून, म्हणजे होमपेज आणि सबस्क्रिप्शन फीडमधून आली आणि तिथे ९ टक्क्यांनी ५४० क्लिक झाले. उरलेली ४,००० सजेस्टेड व्हिडिओंमधून आली, तिथे ४ टक्क्यांनी १६० क्लिक. एकूण ७००, म्हणजे ७ टक्के. आता दहाव्या भागाला समजा ४०,००० इम्प्रेशन मिळाली. ब्राउझमधून ८,०००, दर तोच ९, क्लिक ७२०. सजेस्टेडमधून ३२,०००, दर तोच ४, क्लिक १,२८०. एकूण २,०००, म्हणजे ५ टक्के. दोन्ही ठिकाणचा दर जागच्या जागी आहे, तरी एकूण आकडा ७ वरून ५ वर आला आणि क्लिक जवळपास तिप्पट झाले.

म्हणून पहिलं काम असं. प्रत्येक भागाचे प्रकाशित झाल्यापासूनचे पहिले सात दिवस घ्या आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्सनुसार इम्प्रेशन आणि क्लिक रेट वेगवेगळे लिहून काढा. जुन्या भागाचा आजवरचा आकडा नव्या भागाच्या आठवड्याच्या आकड्याशी लावू नका.

आता साच्याकडे येऊ. साच्याचा सारखेपणा फक्त त्यालाच दिसतो ज्याने आधीचा एखादा भाग किंवा निदान त्याचं थंबनेल पाहिलंय. बाकीच्यांसाठी तुमचं थंबनेल म्हणजे एक सुटं चित्र. त्यामुळे सारखेपणाचा फायदा असो की तोटा, तो ओळखीच्या प्रेक्षकांतच दिसायला हवा. ब्राउझमध्येही काही अनोळखी लोक असतात, पण ओळखीचे लोक शोधायला तीच त्यातल्या त्यात चांगली जागा.

सजेस्टेडचा दर टिकून आहे आणि ब्राउझचा भागागणिक उतरतोय, असं दिसलं तर साच्यावर संशय घ्यायला जागा आहे. उलट, ब्राउझ टिकून सजेस्टेड पडत असेल तर दोष सारखेपणाचा नाही, त्या चित्रात नवख्याला काही सापडत नाही याचा आहे. भाग क्रमांक तिथे मला हमखास अडचणीचा वाटतो. ‘भाग १०’ वाचून नवा माणूस समजतो की आधीचे नऊ पाहावे लागणार. तुमचे बाजार तर कुठल्याही क्रमाने पाहता येतात, मग क्रमांक कशाला? तो वर्णनात आणि प्लेलिस्टमध्ये असू द्या.

सजेस्टेडमध्ये आणखी एक पाहा: लोक कुठल्या व्हिडिओवरून आले. तुमच्याच आधीच्या भागांवरून बरेच येत असतील तर साचा काम करतोय. मंगलदास मार्केटचा भाग संपत असताना बाजूला तीच पिवळी पट्टी दिसते आणि ‘हा यांचाच पुढचा’ हे न वाचता कळतं. हा फायदा खरा आहे आणि साचा मोडला की तो जातो.

ओळखीचा प्रेक्षक साच्याला कंटाळतो, असं आपण सहज म्हणतो. मी व्हिडिओ संपादनात आहे आणि माझ्या पाहण्यात कंटाळ्यापेक्षा गोंधळ जास्त आहे. मालवणी जेवणाच्या एका मालिकेत प्रत्येक थंबनेल म्हणजे वरून टिपलेलं ताट होतं. बांगडा, सुरमई, कोळंबी, फोनवर सगळीकडे लाल रस्साच दिसायचा. ‘हा पुन्हा टाकलात का?’ अशा कमेंट यायला लागल्या. भाग नवा होता, पण तो आपण पाहिलाय असं समजून लोक पुढे जात होते. तेव्हा निळी पार्श्वभूमी आणि अक्षरांची ठेवण तशीच ठेवली, ताट काढलं आणि त्या भागाचा मुख्य जिन्नस जवळून, मोठा घेतला. तशा कमेंट थांबल्या आणि पुढच्या भागांत ब्राउझचा दर पुन्हा वर आला.

तुमच्या साच्यातही हाच धोका दिसतो. पट्टी आणि चेहरा मिळून जवळजवळ सगळी जागा घेतात. दादरचा फुलबाजार, ससून डॉक, चोर बाजार ही ठिकाणं एकमेकांसारखी अजिबात दिसत नाहीत, तरी फोनवर सगळीकडे पिवळा रंग आणि तुम्हीच दिसत असणार. शेवटची सहा थंबनेल फोनवर शेजारी शेजारी ठेवा, अक्षरं झाका आणि घरातल्या कुणाला तरी विचारा की कुठला बाजार कुठला. सांगता आलं नाही तर पट्टी बारीक करा, चेहरा लहान करा आणि झेंडूचे ढीग किंवा कोळंबीच्या टोपल्या मोठ्या होऊ द्या. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही महत्त्वाचं ठेवू नका, तिथे व्हिडिओची लांबी येते.

बदल करण्याआधी घसरण खरी आहे का, ते तपासा. एखाद्या सोर्समधून २,००० च इम्प्रेशन असतील तर ५ टक्के म्हणजे १०० क्लिक, आणि निव्वळ योगायोगाने ते ८० किंवा १२० होऊ शकतात. म्हणजे ५ च्या जागी ४ किंवा ६ दिसले, तर तेवढ्यावरून काहीच कळत नाही. शिवाय विषयाची ओढही वेगवेगळी असते. लॅमिंग्टन रोडच्या भागाची तुलना भुलेश्वरच्या भागाशी केली तर थंबनेलऐवजी बाजारच मोजला जाईल. सुरुवातीचे तीन-चार भाग एकत्र आणि अलीकडचे तीन-चार एकत्र धरा.

स्टुडिओतल्या ‘टेस्ट अँड कम्पेअर’मध्ये एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावता येतात. तिथे निकाल क्लिक रेटवर नाही, मिळालेल्या वॉच टाइमच्या वाट्यावर ठरतो. ते मला योग्यच वाटतं, कारण भडक चित्राने क्लिक वाढून लोक अर्ध्या मिनिटात निघून जाऊ शकतात. पण तुमच्या प्रश्नाला त्याची एक मर्यादा आहे. दहा पिवळ्या थंबनेलनंतर एक वेगळं जिंकलं, तर त्यात वेगळेपणाचाही वाटा असतो. सगळीच वेगळी केलीत की तो वाटा उरत नाही. म्हणून चाचणी एका भागावर थांबवू नका. पुढचे चार भाग प्रत्येकी दोन थंबनेल लावा: एक आजच्या साच्याचं, दुसरं बारीक पट्टी आणि मोठा बाजार असलेलं. चारही वेळा बदल तोच ठेवा. छोट्या चॅनेलवर काही वेळा कुणीच स्पष्ट जिंकत नाही, पण चारपैकी तीनदा दुसरं पुढे राहिलं आणि ब्राउझचा दरही सावरला, तर साचा सैल करा.

तोवर जुन्या भागांना हात लावू नका. ते एकदम बदललेत तर तुलनेला काही उरणार नाही, आणि त्या भागांच्या एकूण आकड्यात दोन्ही थंबनेलचे क्लिक मिसळून जातील. पुढे बदलायचे झालेच तर एकेक बदला आणि प्रत्येकाची तारीख वहीत लिहून ठेवा.