स्वप्न वाचताना आधी जागेपण वाच

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीतल्या स्वप्नांवरचं तुझं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत दिसते, पण एका ठिकाणी तू फार घाई केली आहेस. दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या घोडीच्या स्वप्नाबद्दल तू लिहितोस की घोडी म्हणजे सावकारीण म्हातारी आणि घोडीला मारणारा मिकोल्का म्हणजे त्या म्हातारीचा खून करणारा नायक रास्कोल्निकोव. एवढं म्हणून तू पुढे निघून गेलास. अशी जोडी लावली की स्वप्न संपतं, त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कादंबरीतलं स्वप्न उलगडायच्या आधी, त्याच कादंबरीतलं जागेपणीचं निवेदन कसं चालतं ते नीट बघ. मग स्वप्नात त्यातलं काय गळलं आणि काय वाढलं ते टिपून ठेव. स्वप्न काय सांगतं ते या फरकातूनच कळतं.

तुझ्या सोयीसाठी मी याच कादंबरीतलं दुसरं स्वप्न घेतो. तू ते तीन ओळींत उरकलं आहेस. तिसऱ्या भागाच्या शेवटी आहे ते, खून होऊन गेल्यानंतरचं.

खून दस्तयेव्हस्कीनं कसा सांगितलाय ते आधी आठव. तिथे सगळं मोजूनमापून आहे. आपल्या घराच्या फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंत बरोबर 730 पावलं आहेत हे रास्कोल्निकोवला माहीत असतं. कुऱ्हाड अडकवायला त्यानं कोटाच्या आत फासा शिवलेला असतो. गहाण ठेवायची म्हणून नेलेली वस्तू म्हणजे लाकडाचा आणि लोखंडी पत्र्याचा तुकडा, कागदात गुंडाळून दोऱ्यानं मुद्दाम किचकट बांधलेला, म्हणजे म्हातारी गाठ सोडवण्यात गुंतेल. ती उजेडासाठी खिडकीकडे वळते, तेवढ्यात तो कुऱ्हाड काढतो आणि बोथट बाजूनं डोक्यावर घाव घालतो. ती क्षीणसं ओरडते. पालथ्या पडलेल्या पेल्यातून सांडावं तसं रक्त वाहतं. प्रत्येक कृतीला आधीची कृती आहे, प्रत्येक वस्तूला काम आहे.

आता स्वप्न घे. त्याला डुलकी लागली एवढं एका छोट्या वाक्यखंडात सांगून निवेदक थेट रस्त्यावर येतो, आणि आपण इथे कसे आलो हे रास्कोल्निकोवला आठवत नाही. 730 पावलं मोजणारा माणूस! ‘त्याला स्वप्न पडलं’ असं इथे कुणी सांगत नाही. सांगतो तो हा तुटलेला दुवा. तुझ्या प्रकरणात स्वप्नाची सुरुवात दाखवताना मला हेच हवं आहे. कधी लेखक घोषणा करून स्वप्न सुरू करतो, कधी गुपचूप. गुपचूप सुरू केलं असेल तर कारणाची साखळी पहिल्यांदा कुठे तुटते ते वाक्य शोध, आणि त्यावर बोट ठेव.

पुढे एक माणूस त्याला खुणावतो, तो त्याच्यामागे जातो, आणि ओळखीच्या जिन्यानं म्हातारीच्या बिऱ्हाडात पोचतो. खोली तीच आहे. खुर्च्या, आरसा, पिवळा सोफा, चौकटीतली चित्रं, सगळं जागच्या जागी. स्वप्न म्हटलं की सगळं विचित्र असायला हवं असा आपला समज असतो, पण इथे सामान शंभर टक्के खरं आहे. बदललाय तो उजेड आणि आवाज. मोठा, तांबूस चंद्र खिडकीतून सरळ आत बघतोय, आणि ही शांतता चंद्रामुळेच आहे असं त्याला वाटतं. हे कारण जागेपणी कुणी दिलं असतं तर आपण हसलो असतो. इथे मात्र ते पटतं, कारण ‘म्हणून’ हा शब्द शाबूत आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीच्या गोष्टी आल्या आहेत. एक माशी काचेवर आपटून केविलवाणी भुणभुणते. कोपऱ्यात एक झगा टांगलेला दिसतो, पूर्वी नव्हता तो. त्यामागे खुर्चीवर म्हातारी मान खाली घालून बसलेली असते.

तो फाशातून कुऱ्हाड काढतो आणि टाळूवर घाव घालतो. एकदा, पुन्हा एकदा. ती हलत नाही, जणू लाकडाची आहे. तो वाकतो, पार जमिनीशी डोकं नेऊन खालून तिचा चेहरा बघतो. ती हसत असते, आवाज न करता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हसू दाबत. तो जीव खाऊन घाव घालत राहतो आणि प्रत्येक घावासरशी तिचं हसू वाढतं. शेजारच्या खोलीतही हसणं आणि कुजबुज. तो पळतो, तर ओवरीत, दारात, जिन्यावर माणसंच माणसं, गप्प, त्याच्याकडे बघत उभी. पाय उचलत नाहीत. ओरडायला जातो आणि जागा होतो.

आता दोन्ही निवेदनं शेजारी ठेव. रक्त गेलंय. किंकाळी गेलीय. कागदाची पुडी, दोरा, गाठ, म्हणजे त्याची सगळी हुशारी जिच्यावर उभी होती ती तयारी गेलीय. उरली फक्त कुऱ्हाड. वाढलं काय? हसू आणि बघणारी माणसं. खऱ्या खुनाच्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं, जिन्यावर माणसं आली तेव्हा तो रिकाम्या खोलीत लपून निसटला होता. स्वप्नात जिना भरलेला आहे. पकडलं जाण्याची भीती त्याला जागेपणीही आहे, तेवढीच गोष्ट असती तर स्वप्नात पोलीस आले असते. इथे कुणी त्याला धरत नाही. सगळे नुसते बघतात. म्हणजे त्याला सोसत नाही ती शिक्षा नव्हे, हसं होणं. हा माणूस स्वतःला असामान्यांच्या रांगेत बसवून खुनापर्यंत गेला होता हे लक्षात घे, मग म्हातारीचं ते दाबलेलं हसू कुठे लागतं ते कळेल.

आणखी एक गोष्ट तुझ्या हातून निसटली आहे. डुलकी लागण्याच्या जेमतेम पानभर आधी तो स्वतःशी बोलत असतो. मी माणूस मारला नाही, एक तत्त्व मारलं, असं तो म्हणतो. लगेच पुढे त्याला लिझाव्हेता आठवते, म्हातारीची बहीण. ती अवचित घरी आली म्हणून त्यानं तिलाही मारलं होतं. तिच्याबद्दल माझ्या मनात जवळजवळ काहीच कसं येत नाही, जणू मी तिला मारलंच नाही, असं त्याला नवल वाटतं. आणि मग स्वप्न येतं. तत्त्व मारणाऱ्याला तिथे साधी म्हातारी मरत नाही, आणि लिझाव्हेता स्वप्नात कुठेच नाही. जिची हत्या कुठल्याही सिद्धान्तात बसत नाही, तिला स्वप्नसुद्धा आत घेत नाही. स्वप्न सगळं उघडं करतं असं तू दोन ठिकाणी लिहिलं आहेस, ते काढून टाक. स्वप्नसुद्धा लपवतं. काय लपवलं ते फक्त जागेपणीच्या पानांवरून कळतं.

आता शेवट बघ, कारण कारागिरीच्या दृष्टीनं मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तो जागा होतो तर खोलीचं दार उघडं आणि उंबऱ्यावर एक अनोळखी माणूस. अजून स्वप्नच चालू आहे का, असं त्याला वाटतं. तो डोळे किलकिले करून पडून राहतो. खोलीत एक मोठी माशी काचेवर आपटून भुणभुणतेय, ही मात्र खरी. म्हणजे स्वप्नातली माशी बहुधा याच खोलीतून आत गेली होती. पाहुणा काही न बोलता बसून राहतो. दहाएक मिनिटं गेल्यावर मग आपलं नाव सांगतो: स्विद्रिगाइलोव. भाग तिथेच संपतो आणि पुढचा भाग पुन्हा त्याच शंकेनं सुरू होतो. नंतर रास्कोल्निकोव मित्राला विचारतो, तू त्याला नीट पाहिलंस ना? स्वप्नात शिरताना दुवा तुटला होता, बाहेर येताना तो जास्तच घट्ट बांधलाय. माशी, शांतता आणि बघणारा माणूस या तिन्ही गोष्टी स्वप्नातून जागेपणात येतात. त्यामुळे स्विद्रिगाइलोव कादंबरीत येतो तोच जिन्यावरच्या गर्दीतला एकजण असल्यासारखा. पुढे तोच माणूस भिंतीआडून रास्कोल्निकोवची कबुली ऐकतो. त्या अर्थानं तो खरोखरच बघणारा ठरतो.

एवढं झाल्यावर घोडीकडे परत ये. ते स्वप्न खुनाच्या आदल्या दिवशीचं. सात वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर दफनभूमीकडे निघालाय, वाटेत गुत्ता, गुत्त्यासमोर भल्यामोठ्या गाडीला जुंपलेली मरतुकडी घोडी. मिकोल्का सगळ्यांना गाडीत चढवतो, चाबूक, मग गाडीचा दांडा, शेवटी पहार. ‘माझा माल आहे’ असं तो ओरडत राहतो. गर्दीतून कुणीतरी म्हणतं, कुऱ्हाड घाला आणि संपवा एकदाची. मुलगा मेलेल्या घोडीचं रक्ताळलेलं तोंड कवटाळतो आणि मुठी आवळून मिकोल्कावर धावून जातो. जागा झाल्यावर रास्कोल्निकोवच्या तोंडून पहिल्यांदा कुऱ्हाडीचं आणि रक्ताचं स्पष्ट वर्णन निघतं. त्याआधी तो खुनाच्या बेताला नुसतं ‘ते’ म्हणत आला होता. तुझी जोडी इथे अपुरी पडते. कुऱ्हाड सुचवणारा आवाज गर्दीतला आहे, रडणारा मुलगा तो स्वतः आहे, आणि ‘दारू प्यायलेत, आपल्याला काय त्याचं’ म्हणून त्याला ओढून नेणारे वडीलही त्याच्याच स्वप्नातले आहेत. एकाच माणसाला चार ठिकाणी वाटून दिलंय. जागेपणीच्या निवेदनात तो एका वेळी एकाच बाजूला उभा राहू शकतो.

आणि इथे एक मर्यादा आहे, ती प्रकरणात यायलाच हवी. या स्वप्नानंतर तो बेत सोडून देतो, मोकळं वाटतं त्याला. मग कारण नसताना वाट वाकडी करून सेन्नाया बाजारातून घरी जातो, आणि उद्या संध्याकाळी सात वाजता लिझाव्हेता घरी नसेल हे तिथे त्याच्या कानावर पडतं. स्वप्नानं जे दाखवलं ते बाजारातल्या एका ऐकीव वाक्यापुढे काही तासही टिकत नाही. स्वप्नामुळे पात्र बदललं असं लिहायच्या आधी पुढची दहा पानं वाच.

उपसंहारातलं महामारीचं स्वप्न तू मध्यवर्ती धरलं आहेस. मी ते धरणार नाही. निवेदक तिथे स्वप्न दाखवत नाही, त्याचा गोषवारा देतो. मोजायला खोली नाही, वस्तू नाही, तुटलेला दुवा नाही. ते विचार म्हणून महत्त्वाचं आहे, पण तुझा विषय वेगळा आहे. त्याला एक परिच्छेद पुरे. उरलेली जागा स्विद्रिगाइलोवच्या शेवटच्या रात्रीला दे. तिथे तो जागा झालो असं समजून उठतो आणि ते उठणंही स्वप्नातलंच निघतं. वर दाखवलेल्या पद्धतीनं ते तू स्वतः लावून बघ, आणि नवा खर्डा पाठव.

तुझे,
सर