मारुतीच्या पारावरचा बैल आणि सहाशे सात पिक्सेल

प्रश्न: मोबाईलवर शूट करतो. उभ्या रीलसाठी आणि यूट्यूबच्या आडव्या मोठ्या व्हिडिओसाठी रिझोल्यूशन, फ्रेम रेट, रेशो काय ठेवू? एकाच शूटमध्ये दोन्ही भागेल का?

भागतं, पण फोर-के मध्ये आडवं शूट केलं तरच. हे मी पोळ्याच्या दिवशी शिकलो, तेही चुलतभावाशी भांडून.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. वेशीत तोरण बांधतात, मानाची जोडी आधी जाते, मग सगळी मिरवणूक मारुतीला. मला यूट्यूबसाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता आणि त्यातूनच चार रील काढायच्या होत्या. मी फोर-के लावत होतो, तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, "लोक मोबाईलवरच बघायलेत, कशाला फोर-के? एक हजार ऐंशी ठेव, पण साठ फ्रेम ठेव, लई स्मूद येतंय." वयानं मोठा, शिवाय त्याचे लग्नाचे व्हिडिओ गावात चालतात. ऐकलं.

घरी येऊन रील कापायला घेतली आणि डोकं धरलं. आडव्या फुल एचडीची उंची १०८० पिक्सेल. त्यातून ९:१६ ची उभी पट्टी काढली तर रुंदी जेमतेम ६०७ उरते. रीलला लागते १०८०. म्हणजे चित्र पावणेदोन पटींहून जास्त ताणावं लागतं. मानाच्या बैलाच्या झुलीवरचे आरसे नुसते पांढरे ठिपके झाले, शिंगांचं बेगड शेणासारखं सपाट. आडव्या व्हिडिओत तोच शॉट छान होता, म्हणून भाऊ अजून म्हणतो की त्याचं बरोबर होतं. नव्हतं. फोर-के ची उंची २१६०, म्हणून तीच पट्टी १२१५ रुंद निघते. रीलला पुरून उरते, ताणायचं कामच नाही.

पण फोर-के घेतलं म्हणून काम संपत नाही. उभी पट्टी आडव्या फ्रेमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी असते. म्हणून बैल मधल्या हिश्श्यात ठेवायचा, दोन्ही बाजूंना गर्दी राहू द्यायची. कडेचा मानकरी रीलमध्ये हवा असेल तर एडिटिंगमध्ये पट्टी सरकवावी लागते, आणि तो चालत असेल तर तुम्हीही फ्रेमगणिक त्याच्या मागं. रीलमध्ये खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, तिथं खूर किंवा चेहरा नको. बैलांची पूर्ण रांग उभ्यात मावत नाही, तो नाद सोडा.

आता साठ फ्रेमचं. अंधार पडल्यावर मंदिराच्या मंडपात एलईडी पट्ट्या लागल्या आणि माझ्या व्हिडिओत भिंतीवरून काळे पट्टे सरकायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असले साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. साठ फ्रेमवर फोननं शटर, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, आपोआप १/६० सेकंदाला नेलं, ते या लुकलुकण्याशी जुळेना. प्रो मोडमध्ये शटर १/१०० ला बांधलं की साठलाही पट्टे जातात, आणि तीस फ्रेमवर १/५० चालतं. पण मंडपातल्या उजेडात १/१०० वर चित्र काळपट येतं, मग आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढते आणि चित्रात दाणे दिसायला लागतात. मी आता दोन्हीकडं तीसच ठेवतो, शटर १/५०. आयफोनमध्ये २५ फ्रेम हव्या असतील तर Show PAL Formats चालू करा, पण मग सगळंच २५ वर करा, तीसशी मिसळू नका. चालत्या गोष्टी अडखळतात.

भावाचं एक मान्य आहे. बैल उधळला, गुलाल उडाला, असं संथ दाखवायचं असेल तर दिवसाउजेडी साठ घ्या, आणि तीसच्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगानं चालवा. त्यापलीकडं साठ म्हणजे दुपटीच्या आसपास जागा जाते, बाकी काही नाही.

आणि हो, फक्त रीलच करायची असेल, तुम्हीच कॅमेऱ्यासमोर बोलणार असाल, तर फोन उभा धरा, १०८०×१९२० आणि तीस. वरचा सगळा खटाटोप लागत नाही. मे महिन्याच्या उन्हात फोर-के लावला की फोन तापून रेकॉर्डिंग मधेच बंद पडतं, तेव्हा पाच-पाच मिनिटांचे तुकडे घ्या आणि मधे सावलीत ठेवा. यंदाच्या पोळ्याला मी फोर-के तीसवर घेतलं. त्यातली रील भावाला पाठवली, त्यानं तीन दिवसांनी नुसता अंगठा दाखवला.