बदली मागावी की राजीनामा द्यावा?

चि. यास अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र दिवाळीनंतर मिळाले. तीन गोष्टींनी तू कंटाळला आहेस: कृषी केंद्रांकडची वसुली, रात्री दहापर्यंत वाजणारा फोन आणि तुझ्या एरिया मॅनेजरचे बोलणे. दुसरी बियाणे कंपनी महिना ४,००० रुपये जास्त देऊन त्याच दारव्हा–दिग्रस पट्ट्यात विक्री अधिकारी म्हणून घ्यायला तयार आहे. तुझ्याच कंपनीच्या बीजोत्पादन विभागात देऊळगाव राजाला एक जागा निघणार असल्याचेही तुझ्या कानावर आले आहे. यांपैकी काय करावे, असे तू विचारले आहेस.

तू दोन कंपन्यांची तुलना करतो आहेस. माझ्या मते तुलना तुझ्या तीन तक्रारींची व्हायला हवी. प्रत्येक तक्रार कशाला चिकटलेली आहे, कामाला, माणसाला की कंपनीला, हे एकदा नीट वेगळे काढ. वसुली कामाला चिकटलेली आहे. एप्रिल-मेमध्ये माल दुकानात उतरवायचा, पेरणी होईपर्यंत तो शेतकऱ्यापर्यंत गेला की नाही यावर लक्ष ठेवायचे, पेरणी आटोपल्यावर उरलेली पाकिटे परत घ्यायची आणि शेतकऱ्याच्या हाती सोयाबीन-कापसाचे पैसे आले की दुकानदाराच्या मागे लागायचे, हे चक्र आपल्या भागात सगळ्याच बियाणे कंपन्यांत सारखे आहे. दुकानदारही तेच राहणार आहेत. किंबहुना, आज ज्याच्याकडून तू एका कंपनीचे पैसे मागतोस त्याच्याच काउंटरवर उद्या दुसऱ्या कंपनीचे मागशील, आणि पहिल्या कंपनीचा हिशेब मिटला नसेल तर तो आधी त्याबद्दल बोलेल. फोनचेही तसेच आहे. हंगामात विक्रीतल्या माणसाचा फोन कुठेच शांत नसतो. म्हणजे राजीनामा देऊन तुझ्या तीन तक्रारींपैकी एकच, मॅनेजरची, सुटते. नवा मॅनेजर कसा निघेल हे तर कोणीच सांगू शकत नाही.

आता बीजोत्पादनाकडे पाहू. तिथे शांतता असते अशी तुझी कल्पना दिसते, पण ती अर्धीच खरी आहे. देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे घेतले जाते. हंगामात तुला मादी ओळीतल्या फुलांचे पुंकेसर वेळेवर काढले जातात का, परागीकरण ठरल्या वेळी होते का, फळांवर खुणेचे दोरे बांधले आहेत का, हे शेडनेट ते शेडनेट फिरून पाहावे लागेल. एखाद्या मजुराने स्वपरागीत फळे झाडावर तशीच राहू दिली, तर सगळा लॉट भेसळीचा ठरू शकतो. या कामात एक शिस्त आहे, पिकाचे शास्त्र आहे, आणि बी.एस्सी. कृषीला शिकलेल्या गोष्टी इथे प्रत्यक्ष लागतात. विक्रीत त्यांतल्या फारशा लागत नाहीत, ही तुझी खंत मला पत्राच्या ओळींमधून जाणवली.

मात्र पैशांचा वाद तिथेही आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे. विक्रीत तू पैसे मागायला जातोस, बीजोत्पादनात शेतकरी तुझ्याकडे मागायला येतो. बियाण्याची उगवण तपासली जाते, नंतर नमुना शेतात लावून शुद्धता पाहिली जाते, आणि त्या चाचणीचा, म्हणजे जीओटीचा, निकाल येईपर्यंत शेतकऱ्याचे पैसे अडकून राहतात. लॉट जीओटीमध्ये फेल झाला की ज्या माणसाने चार महिने घरच्या मंडळींसह शेडनेटमध्ये उभे राहून काम केले त्याला ते सांगायला तूच जाणार, तुझ्या बरोबर फार तर कंपनी आणि शेतकरी यांच्यातला मध्यस्थ, म्हणजे ऑर्गनायझर, असेल. म्हणून स्वतःला असा प्रश्न विचार: तुला त्रास पैसे मागण्याचा होतो, की चिडलेल्या माणसासमोर उभे राहण्याचा? पहिला असेल तर बदलीने तो जाईल. दुसरा असेल तर तो तुझ्यामागून देऊळगाव राजापर्यंत येईल, आणि मग प्रयोगशाळा किंवा प्रक्रिया केंद्रातली जागा शोधणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पगाराचा हिशेबही तू अर्धवट मांडला आहेस. बदलीत पगार तोच राहणार म्हणून नुकसान काही नाही, असे तू लिहितोस. पण विक्रीतल्या माणसाच्या हाती पडणारी रक्कम पगारापुरती नसते. समज, कंपनी तुला किलोमीटरला साडेतीन रुपये देते आणि तू महिन्याला २,२०० किलोमीटर फिरतोस, तर ७,७०० रुपये मिळतात. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ४४ लिटर पेट्रोल लागते आणि १०५ रुपये भावाने त्याचे ४,६२० रुपये होतात. टायर, ऑइल, दुरुस्ती यांचे ८०० बाजूला ठेवले तरी सुमारे २,३०० रुपये उरतात. दिवसाचा भत्ता २०० रुपये असेल आणि तू २२ दिवस फिरलास, तर त्यातलेही निम्मे, म्हणजे २,२००, वाचतात. हे साडेचार हजार तू पगारच समजून घरी देतो आहेस. बीजोत्पादनात फेरी तालुक्यापुरती असते. महिना ९०० किलोमीटर धरले तर त्याच हिशेबाने जेमतेम ९०० रुपये उरतील, आणि मुख्यालयाच्या आत दिवसाचा भत्ता बहुतेक ठिकाणी मिळत नाही. शिवाय आज तू घरी राहतोस. तिथे खोलीभाडे आणि जेवण मिळून चारएक हजार सहज जातील. बदलीमुळे हातातली रक्कम महिना साडेसात हजारांनी घटते, आणि दुसऱ्या कंपनीचे चार हजार जोडले तर दोन वाटांमधले अंतर साडेअकरा हजारांचे होते. माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुझे शेवटचे सहा महिन्यांचे खर्चाचे क्लेम काढून खरे आकडे घाल आणि तो कागद वडिलांनाही दाखव, कारण घरखर्चाला तो फरक सोसावा लागणार आहे. वार्षिक इन्सेंटिव्ह वेगळाच. मार्चपूर्वी विभाग बदलला तर तो किती महिन्यांचा मिळतो, की मिळतच नाही, हे एचआरकडून मेलवर विचारून घे.

दुसऱ्या बाजूला एक रक्कम अशी आहे जी तू मोजलेलीच नाहीस. तू जुलै २०२१ मध्ये रुजू झालास. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि ती जुलै २०२६ मध्ये पूर्ण होईल. मूळ पगार १३,००० धरला तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे, म्हणजे वर्षाला ७,५०० आणि पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. नवी कंपनी जानेवारीत बोलावते आहे, कारण त्यांना एप्रिलच्या आधी माणूस हवा आहे. जानेवारीत गेलास तर या रकमेवर पाणी सोडावे लागेल, आणि ती भरून निघायला वाढीव पगाराचे नऊहून अधिक महिने लागतील. तेवढ्याने निर्णय बदलावा असे मी म्हणत नाही, पण वाटाघाटीत ही गोष्ट मांडायला हवी.

बदलीत सेवा अखंड राहते, परंतु एका अटीवर. तू ज्याला आपलाच बीजोत्पादन विभाग म्हणतोस तो कागदोपत्री त्याच कंपनीचा आहे का, हे पाहा. पुष्कळ बियाणे समूहांत उत्पादन एका कंपनीच्या नावावर आणि विक्री दुसऱ्या कंपनीच्या नावावर असते, आणि काही जागा तर मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत भरल्या जातात. तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाची पगारपावती पाहिलीस तर लगेच कळेल. नाव वेगळे असेल आणि "इथे राजीनामा दे, तिथे नवे नियुक्तिपत्र घे" असे सांगितले गेले, तर मागील सेवा पुढे धरली जाईल हे त्या पत्रात स्पष्ट लिहून मिळेपर्यंत सही करू नकोस.

बदली मागायची ठरवलीस तर वेळ हीच आहे. मार्चनंतर विक्रीतला माणूस कोणताही मॅनेजर सोडणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. आधी बीजोत्पादनाच्या प्रमुखांना भेटून जागा खरोखर निघणार आहे का, एवढेच विचार. होकार आला की अर्ज करण्यापूर्वी तुझ्या एरिया मॅनेजरला स्वतः सांग. त्याला ते दुसऱ्याकडून कळले तर साधी बदली त्याच्या मानाचा प्रश्न होऊन बसेल. त्याच्याशी बोलताना त्याच्याविषयीची तक्रार काढू नकोस आणि दुसऱ्या कंपनीच्या ऑफरचा उल्लेखही करू नकोस. ऑफर दाखवून मागितलेली बदली मिळाली तरी हा माणूस जाणारच आहे असा शिक्का बसतो, आणि नाही मिळाली तर खरोखर जावे लागते.

त्याच भेटीत त्याच्यासमोर ठेवायला एक गोष्ट तयार असली पाहिजे: प्रत्येक दुकानदाराचे सही-शिक्क्याचे बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे खात्यावरची बाकी त्याला मान्य असल्याचा कागद. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट पडल्या आहेत का, आणि विशेषतः मे महिन्यात मॅनेजरने तुझ्या तोंडून दुकानदारांना कबूल केलेल्या स्कीमच्या सवलती खात्यावर आल्या आहेत का, हे तपास. तोंडी कबूल केलेली स्कीम ही विक्रीतल्या माणसाची सर्वांत वाईट उधारी असते. तू गेल्यावर दुकानदार म्हणेल, साहेबांनी सांगितले होते; मॅनेजर म्हणेल, मी असे काही बोललो नव्हतो; आणि फरकाची रक्कम तुझ्या नावावर चर्चेत राहील. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची बदली मंजूर होऊनही अशाच न मिटलेल्या खात्यांपायी त्याला पुढचा पूर्ण हंगाम जुन्या जागी काढावा लागला. प्रलंबित स्कीमची दुकानवार यादी आजच मॅनेजरला मेल कर. बदली झाली किंवा राजीनामा दिला, तरी ती लागणारच आहे.

मॅनेजर कदाचित "वसुली होऊ दे, मग बघू" असे म्हणेल. हे उत्तर प्रामाणिकही असू शकते. तेव्हा त्याला दोनच प्रश्न विचार: वसुली किती टक्क्यांवर आली की सोडाल, आणि माझ्या जागी कोण येणार? आकडा आणि नाव मिळाले, तर थांबण्यात अर्थ आहे. झालेले बोलणे त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठव. दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही, आणि डिसेंबरअखेर पुन्हा विचारल्यावरही "बघू" एवढेच ऐकू आले, तर तो नकार समज आणि दुसऱ्या कंपनीला कळव. मात्र जुलैनंतर रुजू होता येईल का, किंवा बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीइतकी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून देता का, हे त्यांना आधी विचार. हंगामाच्या तोंडावर माणूस हवा असल्यामुळे पहिली गोष्ट ते मान्य करणार नाहीत. दुसरी कदाचित करतील.

एका परिस्थितीत मात्र बदली मागूच नकोस. तुझ्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे, की मागच्या हंगामातला परत आलेला सोयाबीनचा काही माल नव्या लेबलने पुन्हा दुकानात उतरला. फेरतपासणी करून, उगवण किमान ७० टक्के भरल्यावर, नियमाप्रमाणे मुदत वाढवून तो विकला असेल तर त्यात गैर काही नाही. चाचणी न करताच लेबल बदलले असेल, तर ती तक्रार ना कामाला चिकटलेली आहे ना मॅनेजरला. ती कंपनीला चिकटलेली आहे, आणि बीजोत्पादनात गेलास तर अशाच कागदांवर सही करण्याची पाळी तुझ्यावर येईल. त्या लॉटचे क्रमांक आणि तपासणीचा अहवाल पाहायला मिळतो का, हे देऊळगाव राजाला फोन करण्याच्या आधी बघ.

तुझा,
काका